सहा खुणांचा रविवार

आमच्या खाडीकाठच्या गावातल्या वाचनालयाचा मी चिटणीस आहे, आणि हे पद स्वीकारताना मला वाटले होते की माझे काम इतिवृत्त लिहिण्याचे असेल. प्रत्यक्षात ते नऊ माणसांना एका वेळी एकत्र आणण्याचे आहे. पूर्वी शिपाई सूचनावही घेऊन घरोघर सह्या आणत असे आणि सभेला पाचच जण यावेत, म्हणजे गणपूर्ती होण्यापुरते, हे सर्वांनी मान्य केले होते. आता एक सदस्य मुंबईत आणि एक मस्कतला असतो; ते फोनवरून सभेला बसतात, पण वही तिथवर पोहोचत नाही, म्हणून गेल्या एप्रिलमध्ये वार्षिक हिशेब आणि छपराची दुरुस्ती या दोन विषयांसाठी मी प्रथमच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पोल टाकला. त्यात पाच वेळा दिल्या आणि जमेल त्या सगळ्यांवर खूण करावी असे लिहिले.

ज्यांनी खूण केली, त्यांनी प्रत्येकी एकच केली. पोल म्हटल्यावर आमच्या मंडळींना निवडणूक आठवली आणि आपले एकमेव बहुमोल मत कोणाला द्यावे याचा त्यांनी गांभीर्याने विचार केला. मी विचारले होते की कोणकोणत्या वेळी येऊ शकाल. त्यांनी सांगितले की कोणती वेळ आवडते. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि दुसऱ्याच्या उत्तरातून पहिल्याचे उत्तर काढता येत नाही. खुणा पाचही वेळांवर विखुरल्यावर मला एवढेच कळले की माणसांच्या आवडी वेगवेगळ्या असतात, जे मला आधीपासून ठाऊक होते.

त्याहून अवघड कोडे होते ते न केलेल्या खुणेचे. कोऱ्या जागेचा अर्थ ‘मला जमत नाही’ असा असतो, ‘मी अजून पाहिले नाही’ असाही असतो, आणि आमच्या अध्यक्ष गुरुजींच्या बाबतीत ‘मी फोनवर सांगेन, त्या चौकोनावर बोट ठेवणार नाही’ असा असतो. पोलमध्ये ‘यांपैकी कोणतीच वेळ जमत नाही’ असा एक पर्याय मी ठेवला असता तर निदान नकार आणि मौन वेगळे दिसले असते.

दुसऱ्या वेळी मी डूडलसारख्या, खास याच कामासाठी असलेल्या साधनाकडे वळलो. तिथे प्रत्येक वेळेसमोर ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला ‘गरज पडल्यास’ असे तिसरे उत्तर देता येते. हे तिसरे उत्तर कोकणी स्वभावाला फार मानवते, कारण आपल्याकडे स्पष्ट नकार देणे उद्धटपणाचे आणि स्पष्ट होकार देणे अविचाराचे मानले जाते. पोल रविवारी उघडून गुरुवारी रात्री बंद होईल असेही मी जाहीर केले. आठवडाभर तो उघडा राहिला तर आरंभी उत्तर देणाऱ्यांच्या मोकळ्या वेळा दरम्यान भरून जातात आणि आपण शिळी खूण ताजी समजून सभा ठरवतो; आमच्या डॉक्टरांच्या बाबतीत पहिल्या पोलमध्ये नेमके तसेच झाले होते.

गुरुवारी रात्री तक्ता पाहिला तेव्हा दोन वेळा सरस दिसत होत्या. रविवारी सकाळी दहाला सहा जण स्पष्ट ‘होय’ म्हणत होते. शनिवारी रात्री साडेआठला होकार पाचच होते, परंतु त्याखाली दोन ‘गरज पडल्यास’ होते. नुसते होकार मोजले असते तर रविवार जिंकला असता. मात्र रविवारच्या तीन नकारांपैकी एक कोषाध्यक्षांचा होता, आणि ज्या सभेत हिशेब मंजूर करायचे तिथे हिशेब ठेवणाराच नसेल तर बाकीच्या सहांनी तिथे चहाच प्यायचा. उरलेले दोन नकार मस्कतच्या सदस्याचा आणि बागायतदारांचा. ओमानमध्ये साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारी असते, त्यामुळे आपला रविवार हा त्याचा कामाचा दिवस. शनिवारी मात्र आपले साडेआठ म्हणजे तिथले सात, आणि तो निवांत. बागायतदारांच्या आंब्याच्या पेट्या रविवारी सकाळी भरायच्या होत्या. शनिवारी रात्री टेम्पो मार्गी लावून ते जरा उशिरा येणार होते. दुसरे ‘गरज पडल्यास’ शाळेतल्या बाईंचे.

शनिवारी नाही म्हणणारे होते डॉक्टर आणि आमचे तांडेल. तांडेलांनी दोन्ही उत्तरे तिथीवरून दिली होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अदमासे मिळते, हा हिशेब किनाऱ्यावर लहान पोरालाही येतो. शनिवारी दशमी, म्हणजे साडेसातला भरती. ओहोटीने खाडीच्या मुखाशी पाणी उतरण्याआधी होडी बाहेर काढायची, तर साडेआठला ते समुद्रात असणार. एकादशीला सकाळी सव्वाआठच्या भरतीला परत आत, आणि दहापर्यंत मासळी उतरून मोकळे. त्यांची खूण पुढच्या आठवड्यासाठी मात्र निरुपयोगी होती, कारण भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. ‘तांडेलांना रविवारी सकाळी जमते’ अशी नोंद वहीत करून ठेवणाऱ्या चिटणिसाची पुढच्या रविवारी फजिती होईल.

एक खूण मला अजून संशयास्पद वाटते. मंगळवारी सकाळी अकराच्या वेळेपुढे मुंबईच्या सदस्याने उदार मनाने ‘होय’ म्हटले होते, जेव्हा त्या वेळेसमोर बाकी सगळ्यांचे ‘नाही’ आधीच दिसत होते. डूडलच्या नोंदींचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २०१५ मध्ये हेच मांडले आहे: इतरांची उत्तरे दिसत असतील तर लोक अतिशय लोकप्रिय आणि अतिशय नावडत्या अशा दोन्ही टोकांच्या वेळांना अधिक होकार देतात. नावडत्या वेळेला होकार देण्यात जोखीम नसते, कारण ती ठरणारच नसते, आणि माणूस मनमिळाऊ ठरतो. उत्तरे एकमेकांपासून लपवण्याची सोय त्या साधनात आहे. मी ती वापरली नाही, कारण लपवले की आमच्याकडे ‘काय शिजतंय’ अशी चर्चा सुरू होते.

तेव्हा शनिवार ठरला आणि शुक्रवारी मी ग्रुपवर तसे कळवले. सात जण आले, बागायतदार नऊला टेकले, हिशेब मंजूर झाले आणि पावसाआधी छपरावर पत्रे घालायचे असा ठराव झाला.

रविवारी सकाळी दहाला मी इतिवृत्त पूर्ण करायला वाचनालयात गेलो, तर पायरीवर तांडेल बसलेले. अंगावर धुतलेला सदरा, बाजूला पिशवीत चार बांगडे. शुक्रवारचा माझा निरोप त्यांनी उघडलाच नव्हता. त्याआधी पोल मात्र पाहिला होता, आणि त्यात रविवारपुढे सर्वांत जास्त होकार होते. सगळ्यांना दिसणारा आकडा हाच निर्णय, असे त्यांनी धरले, आणि मीही त्यांच्या जागी असतो तर तेच धरले असते.

“सहा टिका मी मोजल्या हुत्या,” ते म्हणाले. “मग बाकीचे पाच खंय?”

मी त्यांना आत बसवून कालचा ठराव वाचून दाखवला. पत्रे हा शब्द ऐकताच त्यांनी मान हलवली. खारा वारा पत्रा किती वर्षे ठेवतो हे त्यांना होडीच्या लोखंडावरून ठाऊक होते आणि त्यांचे मत कौलांच्या बाजूने होते. मुद्दा रास्त होता, पण सभा तर संपलेली होती. मी तो पुढच्या सभेच्या विषयांत लिहून घेतला आणि सभा केव्हा घ्यावी असे त्यांनाच विचारले. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची दोन पाने उलटली, बोटावर काही मोजले आणि सांगितले की चतुर्थीला संध्याकाळी पाच वाजता त्यांची काही अडचण नाही.