दार फुगलं नव्हतं

फोन दाराबद्दल होता. तळमजल्यावरच्या एका खोलीचं दार आठ महिन्यांत दोनदा रंधून झालं होतं, तरी पुन्हा घासायला लागलं होतं. सुताराने तिसऱ्यांदा रंधा मारायला साफ नकार दिला. मी पोहोचलो तेव्हा तो तिथेच उभा होता. म्हणाला, "दार फुगलेलं नाही साहेब. फुगलं असतं तर कडेलाही घासलं असतं. हे फक्त वर घासतंय, तेही मधोमध. चौकटीची आडवी पट्टी खाली आलीय. वरून काहीतरी दाबतंय."

दोन महिन्यांपूर्वी माझ्यासारख्याच एका स्ट्रक्चरल इंजिनिअरने ती जागा पाहून अहवाल दिला होता. स्लॅब मध्यावर १७ मिमी लवलाय, मर्यादा १८ मिमी, काळजीचं कारण नाही, तडे भरून रंग द्यावा. सुताराला जे दिसलं ते त्या अहवालात कुठेच नव्हतं, याचा राग मला अजून आहे.

चौकट अर्ध्या विटेच्या आडभिंतीत होती आणि ती भिंत स्लॅबच्या बुडाला घट्ट भिडवून बांधलेली. अशा भिंतीच्या माथ्याशी थोडी फट ठेवून ती मऊ पदार्थाने भरायची असते. तशी फट नसली की स्लॅब लवताना भार भिंतीवर येतो आणि भिंत तो चौकटीवर देते. म्हणजे घासणारं दार हा स्लॅबचाच निरोप होता. वरच्या मजल्यावर काय आहे विचारलं, तर जुन्या कागदपत्रांची खोली.

आधी खालून पाहिलं. गाळा साडेचार मीटरचा, दोन बीमच्या मधला, एकाच दिशेने भार वाहणारा. ताजा रंग लावलेला असूनही गाळ्याच्या मधल्या पट्ट्यात बीमना समांतर तीन तडे पुन्हा उमटले होते. गिलाव्याला तडा जाणं नेहमीचंच आहे, म्हणून एके ठिकाणी गिलावा खरवडून काढला. तडा आत काँक्रीटमध्येही होता, सुमारे ०.३ मिमी रुंद. सळई गंजल्याने पडणारे तडे वेगळे असतात. ते सळईच्या रेषेत धावतात, बाजूला तपकिरी डाग असतात आणि हातोडीने ठोकलं तर पोकळ आवाज येतो. इथे तसं काही नव्हतं. हे तडे वाकण्याचे होते.

वर गेल्यावर त्याची दुसरी बाजू दिसली. स्लॅब बीमवरून पुढच्या गाळ्यात सलग जातो, त्यामुळे वाकताना बीमच्या डोक्यावर वरच्या अंगाला ताण येतो. एक रॅक सरकवून पाहिला तर बीमच्या बरोबर वर फरशीचा सांधा एका सरळ रेषेत उघडलेला. साफसफाई करणाऱ्या बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पुसताना पाणी मधे जमतं, पूर्वी नव्हतं जमत." त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं.

मग मोजायला बसलो. आधीच्या अहवालातले १७ मिमी गवंड्याच्या सुती दोऱ्याने मोजलेले होते. पद्धत तीच बरोबर आहे: दोन्ही बीमपाशी स्लॅबच्या बुडाला सारख्या जाडीचे ठोकळे लावायचे, त्यावरून दोरा ताणायचा आणि मध्यावर दोरा ते स्लॅब अंतर मोजायचं. ठोकळ्याच्या जाडीतून ते अंतर वजा केलं की झोळ मिळतो. पण दोऱ्यालाही स्वतःचा झोळ असतो. मीटरला दीड ग्रॅम वजनाचा दोरा साडेचार मीटरवर हाताने एक किलोच्या ताणाने धरला, तर तो मध्यावर जवळजवळ ४ मिमी खाली येतो. स्लॅबही खाली, दोराही खाली, म्हणून अंतर जास्त भरतं आणि स्लॅबचा झोळ कमी दिसतो. वर फरशीवर दोरा ताणला तरी चूक त्याच दिशेने होते. मी मासेमारीची बारीक नायलॉन दोरी वापरतो. ती एका टोकाला बांधतो आणि दुसऱ्या टोकाला खिळ्यावरून तीन किलोचं वजन टांगतो. तिचा स्वतःचा झोळ एक दशांश मिलिमीटरच्या आसपास राहतो. ठोकळे ५० मिमीचे होते, मध्यावर २९ मिमी आले. झोळ २१ मिमी.

म्हणजे १८ ची मर्यादा ओलांडलेली? इथेच घाई नडते. गाळ्याच्या लांबीचा २५०वा भाग ही जी नेहमीची मर्यादा आहे, ती भाराने येणाऱ्या लवणीची आहे. ओततानाच खालच्या फळ्यांचं सेंट्रिंग मध्ये दबलं असेल तर स्लॅब जन्मापासूनच खोलगट असतो आणि दोरी त्यातला फरक सांगू शकत नाही. म्हणून तीच दोरी फरशीवरही ताणली. तिथे झोळ ११ मिमी निघाला. केबल नेण्यासाठी पाडलेली दोन भोकं होती, एक बीमजवळ, एक मध्याजवळ. दोन्हीकडे काँक्रीट १५० मिमीच होतं, पण वरचा थर आणि फरशी मिळून बीमजवळ ५५ आणि मध्यावर ६५ मिमी. फरशी बसवणाऱ्याने खोलगट भाग भरून घेऊन पातळी साधली होती. म्हणजे २१ पैकी १० मिमी फरशी बसण्याआधीचे, मग ते सेंट्रिंगचे असोत की टेकू काढल्यावरचे. फरशी बसल्यानंतर स्लॅब ११ मिमी लवला होता. पहिल्या अहवालातला आकडा चुकीचा होता, आणि तो बरोबर असता तरी चुकीच्या मर्यादेशी ताडून पाहिला होता.

भाराचा हिशेब त्याहून सोपा होता, फक्त कोणी केला नव्हता. कागदांचा एक गठ्ठा काट्यावर ठेवला, ११ किलो. एका खणात पाच गठ्ठे, सहा खण, म्हणजे ३३० किलो, त्यात रॅकचे ४०. रॅक ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ खोल, पाठीला पाठ लावून जोडीने उभे, दोन जोड्यांमध्ये ७५ सेंटिमीटरची वाट. वाटेसकट सरासरी काढली तर चौरस मीटरला जवळपास ५०० किलो. नकाशावर त्या खोलीचा वापराचा भार ३०० किलो लिहिलेला होता, कारण मुळात ती बसून काम करण्याची खोली होती. स्लॅबचं स्वतःचं वजन आणि फरशी मिळून चौरस मीटरला सुमारे ५०० किलो आधीच होते, त्यामुळे एकूण भार ठरवल्यापेक्षा साधारण चौथा हिस्सा जास्त. आराखड्यात ठेवलेल्या सुरक्षिततेच्या राखीवात हे कागदावर बसतं. पण आत सळई खरोखर नकाशाप्रमाणे आहे का, आणि ओतताना कामगारांच्या पायांनी बीमवरची सळई खाली दबली होती का, हे दोरी सांगत नाही.

त्या संध्याकाळी मी नुसत्या आकड्यावर निर्णय दिला नाही, हालचाल बघायची ठरवली. तीन दिवसांपूर्वीच गठ्ठ्यांची नवी खेप येऊन रॅकच्या माथ्यावर चढली होती. स्लॅबच्या बुडाला दोन ठिकाणी गुळगुळीत पत्र्याच्या चकत्या चिकटवल्या, एक मध्यावर आणि एक बीमजवळच्या कोपऱ्यात. खाली फरशीवर त्यांच्या बरोबर खाली खुणा केल्या. तळमजला जमिनीवर बसलेला असल्याने खालचा बिंदू हलणार नव्हता. ही सोय फार महत्त्वाची आहे, कारण खालीही स्लॅब असता तर दोघांच्या हालचाली मिसळल्या असत्या. मग दोन्ही ठिकाणांसाठी, तिथल्या सुमारे तीन मीटर उंचीपेक्षा जेमतेम १५ मिमी आखूड कापलेले दोन लोखंडी पाइप उभे धरून वरची फट जाडी मोजायच्या पात्यांनी मोजली. कोपऱ्यात १५.१०, मध्यावर १४.६०. सकाळी सात वाजता पुन्हा गेलो. कोपऱ्यात १५.२० आणि मध्यावर १४.३५.

कोपऱ्यातला आकडा कशासाठी, हे मला प्रत्येक नव्या मुलाला समजवावं लागतं. रात्री हवा गार झाली, पाइप आखडले, म्हणून कोपऱ्यात फट ०.१० ने वाढली. तीन मीटर लोखंडाला तीनएक अंशांचा फरक तेवढं करतो. मध्यावरही फट वाढायला हवी होती, ती उलट ०.२५ ने कमी झाली. म्हणजे स्लॅब रात्रीत सुमारे ०.३५ मिमी खाली आला होता, वर एकही गठ्ठा न वाढवता. वर्षानुवर्षं भार वाहणारं काँक्रीट सावकाश लवत राहतं हे खरं, पण ते एका रात्रीत पात्यांना जाणवेल इतकं नाही.

आठ वाजता खोली रिकामी करायला सांगितलं. इथे एक भलतीच गोष्ट घडू लागली. कामगारांनी गठ्ठे काढून दाराबाहेरच्या जागेत रचायला सुरुवात केली, तोच स्लॅब, आणि ढीग रॅकहून दाट. धावत जाऊन थांबवलं. गठ्ठे थेट तळमजल्यावर, आणि आधी गाळ्याच्या मधले रॅक, मग बीमकडचे. खाली टेकू लावले, पण फक्त भिडतील एवढेच. जॅक फिरवून स्लॅब वर उचलायचा मोह होतो. मध्यावर वरच्या अंगाला सळई बहुधा नसतेच, त्यामुळे तिथे जोराने उचललं तर नवा तडा वरून पडतो.

तिथल्या प्रमुखांनी मला विचारलं, "११ मिमीसाठी एवढं?" मी त्यांना दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या साम्पूंग इमारतीबद्दल सांगितलं. २९ जून १९९५ रोजी ती कोसळली आणि ५०२ माणसं गेली. तिथे बीम नव्हते, स्लॅब थेट कॉलमवर बसलेला होता, आणि त्या सकाळी वरच्या मजल्यावर कॉलमभोवतीचे तडे लोकांनी पाहिले होते. कॉलम स्लॅबला भोसकून वर येतो तेव्हा आधी मोठा झोळ पडेलच असं नसतं. तिथे माझी दोरी कामाची नाही. कॉलमभोवती वरच्या अंगाला गोल तडा दिसला की मोजत न बसता माणसं बाहेर काढायची. आपल्या गाळ्याला बीम होते, म्हणून मोजायला एक रात्र मिळाली, एवढंच मी त्यांना सांगू शकलो.

दुपारी तीनपर्यंत खोली रिकामी झाली. मध्यावरची फट १७.९५ भरली, कोपऱ्यातली पुन्हा १५.१०. कोपरा ०.१० ने मिटला, म्हणजे पाइप तेवढे लांबले होते. ते हिशेबात घेतल्यावर स्लॅब ३.७ मिमी वर आला होता. उरलेले सातेक मिमी परत येणार नाहीत, ते काँक्रीटने कायमचे घेतले आहेत. भार काढल्यावर परत येणारा भाग माझ्या हिशेबातल्या ४ मिमीच्या जवळ निघाला, म्हणून सळई फारशी कमी नसावी असं वाटतं.

मग ते ०.३५ काय होतं, हे मला आजही नीट उलगडलेलं नाही. नव्या खेपेने एखादा तडा त्या रात्री आणखी आत गेला असावा. की संध्याकाळी थकलेल्या हाताने मी पाते जरा जास्तच घट्ट कोंबलं होतं? तीनदा मोजलं होतं, तिन्ही वेळा दहाव्या भागाच्या आत जुळलं होतं. चकत्या अजून तिथेच आहेत. पाइप त्याच खोलीत ठेवलेत आणि रिकाम्या स्लॅबची फट दर सोमवारी सकाळी सात वाजता तो सुतार मोजून कळवतो.