दोन सारखे परतावे

दादरला साड्यांचे दुकान असलेल्या आमच्या एका अशिलाने ऐन दसऱ्याच्या धामधुमीत व्हॉट्सअ‍ॅपवर संगणकाच्या पडद्याचा फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोनही केला. "मॅडम, ऑनलाइन विक्री दोन लाख अठ्ठेचाळीस हजार सहाशेची आणि बँकेत आले दोन लाख एकतीस हजार. सतरा हजार गेले कुठे?" फोटो पेमेंट गेटवेच्या सेटलमेंट अहवालाचा होता. त्यात एकूण विक्री २,४८,६०० रुपये, शुल्क ४,९७२ रुपये, परतावे ११,४०० रुपये आणि निव्वळ जमा २,३१,३३३.०४ रुपये असे चार आकडे दिसत होते.

अशा फोटोतले आकडे मी आधी आपसात जुळवून पाहते, बँकेचा उतारा त्यानंतर उघडते. विक्रीतून शुल्क आणि परतावे वजा केल्यावर २,३२,२२८ रुपये उरायला हवेत. अहवालात त्यापेक्षा ८९४.९६ रुपये कमी होते. फोटो तिरका काढलेला असल्यामुळे एखादा अंक चुकीचा वाचला गेला असण्याची शक्यता होती, पण तशी चूक बहुधा एकाच अंकाची असते आणि तिच्यामुळे येणारा फरक असा पैशांपर्यंत जात नाही. ४,९७२ चे अठरा टक्के काढले तेव्हा बरोबर ८९४.९६ आले. म्हणजे शुल्कावरचा जीएसटी वेगळ्या स्तंभात होता आणि तो स्तंभ फोटोच्या उजव्या कडेबाहेर राहिला होता. या कराचे क्रेडिट घेता येते, पण त्यासाठी दुकानाचा जीएसटी क्रमांक असलेले गेटवेचे कर बीजक लागते, फोटो चालत नाही. म्हणून ते बीजक आणि व्यवहारनिहाय अहवाल या दोन्ही गोष्टी मी लगेच मागवून घेतल्या.

बँकेच्या उताऱ्यात मंगळवारी हीच रक्कम त्याच यूटीआर क्रमांकाने जमा झालेली होती, त्यामुळे गेटवेने पैसे अडकवल्याची शंका तिथेच संपली. खरा पेच विक्रीच्या नोंदवहीत निघाला. या दुकानाच्या करारानुसार व्यवहारानंतर दोन कामाच्या दिवसांनी पैसे जमा होतात, म्हणजे मंगळवारची जमा शुक्रवारच्या विक्रीशी ताडून पाहायला हवी होती. शुक्रवारची बिले मात्र २,४२,९०० रुपयांचीच होती. गेटवेला ५,७०० रुपये जास्त मिळाले होते आणि परताव्याची ११,४०० ही रक्कम त्याच्या नेमकी दुप्पट होती.

व्यवहारनिहाय अहवालात सोमवारी केलेले दोन परतावे दिसले, दोन्ही ५,७०० रुपयांचे. दुकानातल्या मुलाने दोन्हींवर "साडी परत" असा शेरा मारून दोन क्रेडिट नोटा तयार ठेवल्या होत्या. मी प्रत्येक परताव्याचा मूळ पेमेंट क्रमांक शोधला. पहिला गेल्या महिन्यातल्या एका बिलाचा होता. ती साडी खरोखरच परत आली होती आणि माल आवकेतही तिची नोंद होती. दुसरा मात्र शुक्रवारी संध्याकाळच्या एका पेमेंटचा होता, आणि त्या पेमेंटला बिलच नव्हते. त्याच ग्राहक बाईंचे तेवढ्याच रकमेचे पेमेंट तीन मिनिटे आधी झालेले होते. पहिल्या वेळी पडद्यावर पैसे गेल्याचा संदेश उमटला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा पैसे भरले होते. साडी एकच घेतली होती आणि ती त्यांच्या घरी पोहोचलीही होती.

दुसरी क्रेडिट नोट तशीच निघाली असती तर न झालेल्या परतीपोटी ५,७०० रुपयांची विक्री आणि तिच्यावरचा कर हिशेबातून कमी झाला असता, शिवाय साठ्यात नसलेली एक साडी वहीत चढली असती. मला अशा चुका फार धोक्याच्या वाटतात, कारण बँकेची जमा पैशापर्यंत जुळत असल्यामुळे त्यांच्याकडे पुन्हा कुणी पाहत नाही. ती नोट आम्ही रद्द केली.

मग गेटवेच्या नावाने वेगळे खाते उघडून नोंदी केल्या. नावे बाजूला शुक्रवारची २,४२,९०० रुपयांची विक्री आणि ग्राहकाचे जादा आलेले ५,७०० रुपये घेतले. जमा बाजूला बँकेत आलेली रक्कम, शुल्क, शुल्कावरचा कर आणि दोन परतावे घेतले. परताव्यांपैकी एक विक्री परतीच्या खात्याला गेला, दुसरा त्या जादा रकमेसमोर वळता झाला. खात्याची बाकी शून्य आली.

मालकांना हे समजावताना त्यांनी विचारले, "बाईंचे पैसे पूर्ण परत दिले, मग त्या दुसऱ्या पेमेंटवरचे शुल्क तरी परत मिळेल ना?" त्यांच्या करारात सर्व व्यवहारांवर सरसकट दोन टक्के शुल्क होते आणि परतावा केला तरी ते परत मिळणार नाही, असे स्पष्ट कलम होते. त्यामुळे त्या एका पेमेंटचे ११४ रुपये दुकानाच्या खर्चातच राहिले; त्यावरच्या २०.५२ रुपयांच्या कराचे क्रेडिट मात्र बीजक आल्यावर घेता आले.