‘विनंती केल्यास डेटा देऊ’: समीक्षण करताना मी काय पाहिलं

समीक्षणासाठी आलेल्या संशोधन पेपरच्या शेवटी डेटाबद्दल एकच ओळ होती: वाजवी विनंती केल्यास संबंधित लेखकाकडून मिळेल. ही ओळ इतकी रुळलेली आहे की बरेच समीक्षक तिथे थांबतही नाहीत. मी थांबले, कारण एका तक्त्यातली सरासरी मला खटकत होती.

प्रश्न एकच, उत्तरं १ ते ५ या पूर्णांकांत, गटात २० जण आणि सरासरी ३.४७. वीस पूर्णांकांची बेरीज २०ने भागली की उत्तर ०.०५च्या पटीतच येतं, म्हणजे ३.४५ किंवा ३.५०. ३.४७ येऊच शकत नाही. मात्र एकाने उत्तर दिलं नसेल, तर ६६ भागिले १९ दोन दशांशांपर्यंत ३.४७ होतात. चूक आहे की रिकामा रकाना, हे मूळ फाइल पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं.

समीक्षक म्हणून मी संपादकांमार्फत फाइल मागवू शकत होते. पाच वर्षांनी हाच तक्ता वाचणाऱ्याने काय करायचं? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असंच आश्वासन देणाऱ्या १७९२ पेपरांच्या लेखकांना खरोखर डेटा मागितला गेला. दिला फक्त १२२ जणांनी. यामागे दरवेळी लपवाछपवीच असते असं मला वाटत नाही. विद्यार्थी संस्था सोडतो, त्याचा ईमेल बंद पडतो, फाइल जुन्या लॅपटॉपवर राहते. रिपॉझिटरीत, म्हणजे संशोधनाचा डेटा जपणाऱ्या ऑनलाइन संग्रहात, डीओआय या कायमच्या ओळखक्रमांकासह ठेवलेली फाइल या कशावरही अवलंबून नसते. शिवाय ‘वाजवी’ काय हे लेखकानेच ठरवायचं, आणि मागणारा बहुधा त्याचेच आकडे तपासणार असतो!

तरीही सरसकट ‘सगळं खुलं करा’ असं लिहिणं मला पटलं नाही. पेपरमध्ये रुग्णांच्या मुलाखतीही होत्या. नावं काढली तरी आजार, हुद्दा आणि कुटुंबाची हकीकत जुळवून माणूस ओळखू येतो, आणि संमतीपत्रात त्या खुल्या करण्याची परवानगी नव्हती. तिथे मागणीनुसार डेटा देणं योग्यच. फक्त मागणी लेखकाच्या खासगी निर्णयावर सोडायला नको.

म्हणून अहवालात दोन्ही डेटा वेगळे काढले. प्रश्नावलीची उत्तरं, रिकाम्या जागांच्या खुणा आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी फाइल झेनोडोसारख्या रिपॉझिटरीत ठेवावी, आणि नंतर सवडीने नव्हे, तर पेपर स्वीकारण्यापूर्वी. मुलाखतींसाठी न देण्याचं नेमकं कारण, संस्थेच्या नैतिकता समितीचा पत्ता, कोणाला कोणत्या अटींवर मिळतील आणि उत्तर किती दिवसांत येईल, हे लिहावं.

सुधारित प्रतीसोबत फाइल आली. त्या रकान्यात एक जागा खरंच रिकामी होती. तक्त्यात २०चे १९ झाले आणि मी पेपर स्वीकारण्याची शिफारस केली.