हप्त्यात १,२०३ रुपये जास्त भरले आणि बँकेनं ते सहा महिने नुसते ठेवून घेतले (माझा अनुभव)

सांगायचंय एकच, जास्तीचे पैसे भरले म्हणजे मुद्दल कमी झालं असं समजू नका. मी समजलो होतो, अन् त्यापायी तीन चकरा झाल्या.

लातूरला घर घेतलं, जुलै २०२४ मध्ये १२ लाखाचं होम लोन, ९ टक्के फ्लोटिंग, २० वर्षं. हप्ता आला १०,७९७. मंजुरी, रजिस्ट्री वगैरे कसं झालं ते सोडा, त्यात काही त्रास नव्हता. मेव्हणा म्हणला दाजी हा हप्ता गोल करा, १२ हजार भरत जा. मला वाटलं हजार-बाराशे रुपयानं काय होणार. त्यानं एक्सेलमध्ये हे टाकलं:

```
=NPER(9%/12,-12000,1200000)
```

उत्तर आलं १८५.५. म्हणजे २४० च्या जागी १८६ हप्ते, साडेचार वर्षं आधी मोकळं. एकूण व्याज १३ लाख ९१ हजारावरून १० लाख २६ हजारावर, साधारण ३ लाख ६५ हजार वाचतात. नुसतं ११,००० केलं, म्हणजे फक्त २०३ रुपये वर, तरी २२९ हप्त्यात संपतं अन् ८० हजाराच्या वर वाचतं. कारण पहिल्या हप्त्यातले ९,००० व्याजातच जातात, मुद्दल फिटतं १,७९७. त्यात १,२०३ टाकले की एकदम ३,००० फिटतं.

मग मी दर महिन्याला हप्ता कटला की मोबाईलवरून १,२०३ लोन खात्यात टाकायला लागलो. मेसेज यायचा जमा झाले, मी खूश.

सहा हप्ते झाल्यावर स्टेटमेंट काढलं. पुढच्या महिन्याचं व्याज लागलेलं ८,९१८. माझ्या हिशोबानं पाहिजे होतं ८,८६२. फरक ५५-५६ रुपयांचा, कुणी बघणार पण नाही. पण शिल्लक मुद्दल बघितलं तर ११,८९,०१४, म्हणजे मी एक रुपयाही जास्त भरला नाही असंच. माझे ७,२१८ रुपये वेगळ्या ओळीत 'ॲडव्हान्स' म्हणून पडलेले, पुढं कधी हप्ता चुकला तर त्यात धरायला. तोवर बिनव्याजी त्यांच्याकडं!

शाखेत गेलो. काउंटरवरच्या मॅडम म्हणल्या "जमा तर दिसायलेत ना सर". मी म्हणलं मॅडम जमा आहेत पण मुद्दलातून गेले नाहीत. त्या म्हणल्या पार्ट पेमेंटचा अर्ज द्या, अन् आमच्याकडं कमीत कमी एका हप्त्याएवढी रक्कम लागते, १,२०३ चं पार्ट पेमेंट होत नाही. हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या चकरेला साहेब रजेवर. तिसऱ्या वेळेला साहेब भेटले, त्यांनी सरळ रस्ता सांगितला की दर महिन्याला वेगळे टाकूच नका, हप्ताच १२ हजाराचा करून घ्या. त्यासाठी नवं मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, भरावं लागलं, कारण माझा पगार दुसऱ्या बँकेत अन् जुन्या मॅन्डेटची मर्यादा होती ११ हजार. ते एकदा सही जुळत नाही म्हणून परत आलं! (पगार खात्यावर पंधरा वर्षांपूर्वीची सही आहे, ती मलाच येत नाही आता.)

अर्जात एक ओळ ठळक लिहा, "हप्ता कमी न करता मुदत कमी करावी". नाहीतर ते मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करतात, मग सगळी मेहनत पाण्यात. अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घ्या. अन् नवं परतफेडीचं वेळापत्रक मागा, त्यात शेवटच्या हप्त्याची तारीख आधीची झाली का ते बघा.

माझे ७,२१८ शेवटी मुद्दलात वळवले. नुकसान मोजलं तर दीडशे रुपयाच्या आतच, डोकं मात्र लई तापलं. पण स्टेटमेंट काढलंच नसतं तर ते ३ लाख ६५ हजार कागदावरच राहिले असते.

आणखी एक, दंडाची भीती घालतील. वैयक्तिक फ्लोटिंग होम लोनवर मुदतीआधी फेडण्याचा दंड रिझर्व्ह बँकेनं २०१२ लाच बंद केलाय. फिक्स दर असेल तर करारपत्र वाचा.

फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा ज्यावर फ्लोटिंग लोनचं व्याज हलतं तो दर, १ टक्क्यानं उतरला, तेव्हा हप्ता कमी करायचा का म्हणून विचारणा झाली, मी नाही म्हणलं, १२ हजारच राहू द्या.

मात्र गावाकडं सोयाबीन आहे अन् पेरणीला सोनं गहाण ठेवावं लागतं असं असेल तर आधी ते सोडवा, तिथलं व्याज बहुतेक जास्त असतं. लोनमध्ये गेलेले पैसे अडीअडचणीला परत मिळत नाहीत, हे आमच्या घरात बायकोनं आधी विचारलं होतं, मेव्हण्यानं नाही.