पाळीआधीची सहा जागरणे आणि माझी तापमानाची वही

३० एप्रिलच्या पहाटे पावणेचार वाजता मी त्या रात्री तिसऱ्यांदा जागी झाले, तेव्हा स्वप्नातला प्रसंग डोळ्यांपुढून हलत नव्हता. शाळेच्या वर्गात गुडघाभर पाणी साचले आहे, मुले बाकांवर उभी आहेत आणि मी हजेरी घेते आहे, पण पटावरचे एकही नाव मला वाचता येत नाही. पाठीखालची चादर ओली झाली होती, पंखा पूर्ण वेगाने फिरत होता आणि तळपाय मात्र पेटल्यासारखे गरम होते. वहीत मी वेळ लिहिली, स्वप्न दोन ओळींत टिपले आणि पुन्हा आडवी झाले. पाळीची तारीख ३ मे होती.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शिक्षिका आहे. वयाच्या पस्तिशीनंतर माझा हा क्रम ठरूनच गेला होता, की पाळीच्या आधीचे पाच-सहा दिवस झोप तुटायची आणि कधी नव्हे इतकी स्वप्ने पडायची. सासूबाई म्हणायच्या, ‘‘अंगात कडकी भरलीय तुझ्या, सब्जा खात जा.’’ एका दवाखान्यात मी हे सांगितले, तेव्हा दोन मिनिटांत झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी हातात पडली. त्या गोळ्या मी घेतल्या नाहीत. पुढे ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी मात्र औषध देण्याआधी तीन महिन्यांची नोंद आणायला सांगितली. रोज सकाळी उठण्याआधीचे तापमान, रात्री किती वेळा जाग आली आणि स्वप्न आठवते की नाही, एवढ्या तीनच गोष्टी लिहायच्या होत्या.

तापमान घेण्याची रीत वरवर सोपी दिसते, पण पहिला महिना मी त्यातच वाया घालवला. अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी, बोलण्याआधी आणि पाणी पिण्याआधी थर्मामीटर जिभेखाली धरायचा, वेळ रोज तीच ठेवायची आणि त्याआधी किमान तीन तास सलग झोप झालेली हवी. मी पहिल्या महिन्यात शाळेच्या दिवशी साडेपाचला मोजत असे आणि रविवारी सात वाजता. पहाटे सर्वांत खाली गेलेले तापमान जाग येण्याच्या आधीपासूनच हळूहळू चढू लागते, त्यामुळे माझे सगळे रविवार आलेखावर उंचवट्यासारखे दिसत होते आणि त्याचा पाळीशी काही संबंध नव्हता. आमच्याकडे नळाला पाणी रात्री-बेरात्री येते, ही दुसरी अडचण. १० एप्रिलला तीन वाजता उठून मी दोन टिपाडे आणि सगळ्या घागरी भरल्या, पुन्हा जेमतेम तासभर झोपले आणि साडेपाचला आकडा आला ९८.१. डॉक्टरांनी नंतर तो आकडा पाहताक्षणी विचारले, ‘‘या दिवशी काय झालं होतं?’’ आणि त्यावर काट मारली. थंडीताप असलेला किंवा पॅरासिटॅमॉल घेतलेला दिवसही असाच वगळायचा असतो.

दुसऱ्या महिन्याची नोंद मात्र स्वच्छ आली. ४ एप्रिलला पाळी सुरू झाली, तो पहिला दिवस. तिथपासून १८ एप्रिलपर्यंत, म्हणजे पंधरा दिवस, ती एक नोंद सोडली तर आकडे ९७.२ ते ९७.५ अंश फॅरनहाइटच्या आतच फिरत राहिले. १९ तारखेला ९७.९ आले, २० आणि २१ ला ९८.०. आधीच्या सहा दिवसांतल्या सर्वांत वरच्या आकड्यापेक्षा सलग तीन दिवस निदान ०.४ अंश वर, ही ओळखायची खूण आहे. ती दिसली की त्याआधी एक-दोन दिवसांत अंडाशयातून बीज बाहेर पडले असे मानतात. त्यानंतर आकडे ९८.० ते ९८.२ वर स्थिर राहिले, २ मे रोजी ९७.८ वर उतरले आणि ३ मे रोजी पाळी आली त्या सकाळी ९७.५ होते. म्हणजे माझा दुसरा टप्पा, ज्याला ल्युटिअल टप्पा म्हणतात, चौदा दिवसांचा भरला.

ही वाढ सर्वसाधारणपणे अर्धा ते पाऊण अंश फॅरनहाइट असते, कधी थोडी जास्त. ती तापातून आलेली नसते. बीज बाहेर पडल्यावर अंडाशयात जी पिवळी ग्रंथी तयार होते, ती प्रोजेस्टेरॉन सोडते आणि ते मेंदूच्या तळाशी असलेल्या तापमानाच्या केंद्रावर काम करून शरीराने राखायचे तापमानच थोडे वर ठरवते. सासूबाईंचे निदान आकड्यापुरते खरे ठरले, हे मी त्यांना सांगितले. त्यावर त्यांनी सब्ज्याची वाटी पुढे सरकवली. तिने तापमान उतरले नाही, हे सांगायला नको.

आता झोपेचा भाग. झोप लागण्याच्या सुमारास शरीर आतली उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर सोडते. म्हणून तळहात-तळपाय गरम होतात आणि पोटातले, मेंदूतले तापमान उतरू लागते. ही उतरण झोपेच्या वाटेचा भाग आहे. ल्युटिअल टप्प्यात ती उथळ होते, कारण रात्री तापमान जितके खाली जायला हवे तितके जात नाही. त्यात आमचे स्लॅबचे घर. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. शरीराला उष्णता टाकायची असते आणि खोली ती घ्यायला तयार नसते, तेव्हा तळपाय जळजळत राहतात.

माझी अशी समजूत झाली, की कारण सापडले. पण वही डॉक्टरांपुढे ठेवल्यावर त्यांनी बोट ठेवले ते १९ ते २६ एप्रिलच्या नोंदींवर. तापमान तेव्हाही चढलेलेच होते आणि उन्हाळाही तोच होता. तरी त्या आठ रात्री मी एखाद्याच वेळी जागी झाले होते. २७ एप्रिलपासून पुढच्या सहा रात्री मात्र तीन-तीन, चार-चार वेळा जाग आली होती. ‘‘नुसती उष्णता कारण असती, तर तू आधीपासूनच जागी राहायला हवी होतीस,’’ त्या म्हणाल्या. हा प्रश्न मला सुचला नव्हता, आणि गणित शिकवणाऱ्या बाईला तो सुचायला हवा होता.

त्यांनी दिलेले उत्तर असे. प्रोजेस्टेरॉन शरीरात मोडते तेव्हा त्यापासून अॅलोप्रेग्नेनोलोन नावाचा पदार्थ तयार होतो, आणि तो मेंदूत ‘गाबा’च्या त्याच ग्राहकांवर बसतो ज्यांच्यावर झोपेची अनेक औषधे काम करतात. बीज बाहेर पडल्यानंतर साधारण आठवड्याने प्रोजेस्टेरॉन शिखरावर असते, तेव्हा तापमान वर असूनही ही आतली गुंगी झोप सांभाळून धरते. पाळी येणार असेल तर त्यानंतर ग्रंथी आटत जाते, प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते आणि गुंगीही ओसरते; तापमान मात्र जवळजवळ पाळीपर्यंत वरच राहते. म्हणजे शेवटच्या दिवसांत झोप आणणारा हात सुटलेला असतो आणि उकाडा तसाच असतो. मनाची चिडचिड, पोटाचे फुगणे आणि छातीची ठणक यांची भर त्यात वेगळी.

स्वप्नांचे उत्तर मला त्याहून अनपेक्षित वाटले. मला वाटत होते की त्या दिवसांत स्वप्ने जास्त पडतात. प्रत्यक्षात ज्या झोपेत ठळक स्वप्ने पडतात, जिला रेम झोप म्हणतात, ती ल्युटिअल टप्प्यात वाढत नाही, उलट किंचित कमीच होते. फरक आठवणीचा असतो. रेम झोप रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात लांबत जाते, आणि त्या झोपेतून सरळ जाग आली तरच स्वप्न टिकते. नाहीतर ते सकाळपर्यंत विरून जाते. शिवाय रेम झोपेत घाम आणणे, थरथर आणणे ही शरीराची तापमान सांभाळण्याची यंत्रणा जवळपास सुस्त होते, म्हणून गरम खोलीत हीच झोप आधी तुटते. माझ्या वहीत हे उघड दिसत होते. पहिल्या पंधरा दिवसांत आठवलेले स्वप्न एक, २७ एप्रिल ते २ मे या सहा रात्रींत सात. त्यांपैकी सहा पहाटे तीन ते साडेपाचच्या दरम्यानची. विषय बहुतेक पाण्याचे होते, आणि त्याचे कारण हार्मोनमध्ये शोधण्याची गरज नाही.

एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली, ती इथे नोंदवते. झोपेच्या प्रयोगशाळेत मोजले, तर निरोगी तरुण स्त्रियांची एकूण झोप महिनाभर फारशी बदललेली दिसत नाही. तक्रार मात्र पाळीआधीच्या दिवसांत आणि पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत वाढते. ज्यांना पाळीआधीचा त्रास तीव्र असतो किंवा ज्या चाळिशीच्या आसपास आहेत, त्यांच्यात फरक अधिक जाणवू शकतो. जाग महिनाभर येत असेल, छाती धडधडत असेल किंवा पाळी येऊनही तापमान उतरत नसेल, तर थायरॉईड तपासायचे आणि गर्भ राहिला आहे का तेही पाहायचे. तुटक झोपेनंतरचे आकडे डळमळीत असतात, म्हणून शेवटच्या सहा दिवसांच्या आकड्यांभोवती त्यांनी गोल काढले आणि एकेका आकड्याऐवजी पूर्ण रेषा पाहायला सांगितली.

तिसऱ्या महिन्यात मी तीन बदल केले, तेही फक्त विसाव्या दिवसापासून. झोपण्याआधी थंडगार पाण्याची अंघोळ बंद केली, कारण तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते; त्याऐवजी दीड तास आधी कोमट पाण्याने दहा मिनिटे अंघोळ केली. उन्हाळ्यात हे ऐकून घरचे हसले. सायंकाळी स्लॅबवर पाणी मारले आणि कूलरचे गवत नवे भरले. दुपारी चारनंतरचा चहा सोडला, आणि हे सर्वांत अवघड गेले. शेवटच्या सहा रात्रींतली जाग सरासरी तीन-चारवरून दोनवर आली, आठवलेली स्वप्ने सातावरून चारवर. पण महिना एकच आणि बाई एकच, त्यामुळे तिघांपैकी कशाचा गुण आला ते मला सांगता येणार नाही.

जूनमध्ये मृगाचा पाऊस झाला आणि हवेत ओल आली, तेव्हा कूलरने साथ सोडली. ओलसर हवेत पाणी उडत नाही, त्यामुळे तो नुसता दमट वारा फेकतो. त्या महिन्यात बाविसाव्या दिवशी मी कूलर बंद करून बाज माहेरच्या माळवदावर नेली. मातीचे छत स्लॅबइतके तापत नाही. पहाटे एकदाच जाग आली, पावसाच्या थेंबांनी, आणि साडेपाचच्या आकड्यापुढे मी काट मारली.