चौदा चिठ्ठ्यांपैकी चार

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून आलेलं पोर पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात येऊन पडतं. त्यामुळे गणितातली शाब्दिक उदाहरणं मुलं कोरी का सोडतात, याचं उत्तर स्टाफरूममध्ये सगळ्यांना आधीच ठाऊक असतं: इंग्रजी. आमच्याकडे इंटर्नशिपला आलेल्या बी.एड.च्या मुलीचा कृतिसंशोधनाचा विषय हाच होता. उपायही तिनं ठरवून टाकला होता, वर्गात इंग्रजी-मराठी शब्दांचा तक्ता लावायचा. मधलं काम तेवढं उरलं होतं, मुलाखतींचं कोडिंग, म्हणजे सारख्या अर्थाची उत्तरं एकत्र लावून त्यांतून मुद्दा, म्हणजेच थीम, काढणं. ते दाखवायला ती माझ्याकडे आली.

काम तिनं मन लावून केलं होतं. पालकांची परवानगी घेऊन आठ मुलांशी बोलली, फोनवर रेकॉर्ड केलं आणि सगळं कागदावर उतरवलं. मुलं कोंकणी-मराठी मिसळून बोलली होती, ते तसंच ठेवलं होतं. हे मला फार आवडलं. नाहीतर इथे बरेच जण ते ‘शुद्ध’ करून टाकतात आणि पाचवीतलं पोर अहवालासारखं बोलायला लागतं. मग प्रत्येक उत्तराची चिठ्ठी कापून टेबलावर गठ्ठे लावले होते. सर्वांत जाड गठ्ठा ‘इंग्रजी वाचनाची अडचण’, चौदा चिठ्ठ्यांचा.

वरचीच चिठ्ठी उचलली. ‘इंग्लिश वाचायला जड जातं. वि. ३.’ हा मुलगा मी ओळखते. सलग एवढं वाक्य तो कुणाशी बोलत नाही. म्हटलं, “मूळ मुलाखत काढ गो.” त्यात असं होतं:

‘हे उदाहरण का सोडलंस?’
(गप्प)
‘इंग्लिश वाचायला जड जातं का?’
‘होय.’

मुलाचा शब्द एकच, बाकीचं वाक्य प्रश्नातलं. चिठ्ठी कापताना प्रश्न मागे राहिला आणि विचारणाऱ्याचं म्हणणं मुलाच्या नावावर चढलं.

मग आम्ही चौदाही चिठ्ठ्या मूळ मुलाखतींशी ताडून बघितल्या. मूल आपणहून बोललं असेल तर पेन्सिलीनं ‘स्व’, सुचवल्यावर बोललं असेल तर ‘सु’. दहा ‘सु’ निघाल्या. उरलेल्या चार ‘स्व’ दोनच मुलींच्या, त्यातल्या तीन तर एकाच बोलक्या मुलीच्या. चिठ्ठ्या मोजल्या की बोलकं मूल जड होतं. किती मुलांनी म्हटलं ते मोजायला हवं. ‘सु’ म्हणजे खोटं, असंही नाही. मूल खरंच अडत असेल, पण मोठ्यांना ‘होय’ म्हणून सुटका करून घेणारीही मुलं असतात, आणि कागदावर दोन्ही ‘होय’ सारखेच दिसतात. अशा उत्तरावर थीम उभी करता येत नाही, एवढंच.

तिचा चेहरा उतरला. “टीचर, मग थीमच गेली माझी.”

“किरकोळ उत्तरं कुठं ठेवलीस?”

‘इतर’ नावाच्या गठ्ठ्यात एका मुलाचं वाक्य होतं, “वाचूंक येता, पूण बेरीज करची काय वजाबाकी तें कळना.” याच अर्थाचं पाच मुलं बोलली होती, आणि तेही कुणी न सुचवता. कुणी म्हणालं “सगळे आकडे मिळवले,” कुणी “शेजारच्याचं बघितलं.” वेगवेगळे शब्द होते, म्हणून वेगवेगळे कोड पडले आणि सगळे ‘इतर’मध्ये जाऊन बसले.

पडताळा घ्यायला ऑस्ट्रेलियातल्या न्यूमन यांची १९७७ची रीत सोपी आहे. सुटलेलं उदाहरण मुलापुढे ठेवायचं आणि क्रमानं विचारायचं: वाचून दाखव, काय विचारलंय ते सांग, कसं करशील ते सांग, करून दाखव, उत्तर लिही. जिथं गाडी अडते ती खरी जागा. मधल्या सुट्टीनंतर तिनं वि. ३ला बोलावलं. दुकानदाराकडे ८४ नारळ, ३७ विकले, किती उरले, असं इंग्रजीतलं उदाहरण. त्यानं अडखळत का होईना, वाचलं. “नाल्ल विकले, उरिल्ले किते” हेही सांगितलं. कसं करशील म्हटल्यावर मात्र माझ्याकडे बघून हळूच विचारलं, “मिळवूं?”

म्हणजे वाचनही पार पडलं होतं आणि अर्थही. अडलं होतं ते क्रिया निवडताना. शब्दांचा तक्ता त्याच्या कामाचा नव्हता.

अर्थात एका मुलावरून आठांचं ठरत नाही. तिनं बाकीच्या सातांनाही याच रीतीनं एकेक उदाहरण द्यायचं ठरवलं. थीमचं नावही बदललं. ‘इंग्रजी वाचनाची अडचण’ हा नुसता विषय होता. आता तिनं लिहिलं, ‘गोष्ट कळते, पण क्रिया ठरत नाही’. वाचनावर खरंच अडणाऱ्या दोन मुलींची थीम वेगळी ठेवली, लहानच. उपायात आधी उदाहरणाची गोष्ट आपल्या बोलीत सांगायची, चित्र काढायचं आणि मगच चिन्ह निवडायचं, असं आलं.

तक्ता तयारच होता, रंगीत, तिनं रात्री जागून केलेला. तो त्या दोघींच्या बाकाजवळ लावायला सांगितला. परिशिष्टात प्रत्येक उताऱ्याशेजारी प्रश्न आणि ‘स्व’-‘सु’ची खूण ठेवायलाही सांगितलं. पानं वाढतील म्हणून ती जरा कुरकुरली, पण ठेवली.