‘नेमकं काय झालतं ओ?’

मयताच्या घरच्यांना आधार द्यायला आम्ही घरभेटी देतो. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला एका वस्तीत अशीच एक घरभेट होती. मयताचा तिसरा दिवस. टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवणारा 41 वर्षांचा माणूस पहाटे अंथरुणातच गेला होता. कारण कळेना, म्हणून पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झाली, शवविच्छेदन झालं आणि व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, तपासणीसाठी राखून ठेवला. म्हणजे मृत्यू कशाने झाला ते डॉक्टरांनीही अजून सांगितलेलं नव्हतं. त्याचा अहवाल यायला बरेचदा कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात.

भेटायला येणाऱ्यांना मात्र ते त्याच दिवशी हवं होतं. बायको भिंतीला टेकून बसलेली आणि समोर बसणारी प्रत्येक बाई विचारत होती, “नेमकं काय झालतं ओ?” ती सांगायची. मग पुढचे प्रश्न यायचे: किती वाजता कळलं, अंग गार होतं का, तोंडाला फेस होता का, आधी छातीत दुखत होतं का. आपल्या मनाने सांगणं वेगळं आणि असं विचारून काढून घेणं वेगळं. आपल्या मनाने सांगणारी बाई नको वाटेल तिथे थांबू शकते. प्रश्नांपुढे तिला त्याच क्षणापाशी पुन्हा जावं लागतं, आणि फेस होता का हे आठवताना आपण आधी का उठलो नाही, हेही तिच्या मनात येतं.

आम्ही आधी घरच्यांना आतल्या खोलीत बसवून एकच वाक्य ठरवायला सांगितलं. दोन अटी होत्या. ते खरं असावं, आणि ते पुढेही खरं राहावं. दीर म्हणाले, “अटॅक आला म्हणून सांगू की, विषय संपेल.” विषय संपत नाही. उद्या अहवालात दुसरंच काही निघालं तर ‘तेव्हा लपवलं’ अशी बोलणी सुरू होतात, आणि ती बहुतेक बायकोवर येतात. शेवटी ठरलं: “मंगळवारी पहाटे झोपेतच गेले. कारण अहवाल आल्यावर कळेल.”

वाक्य कोण बोलणार हेही ठरवावं लागतं. चुलत दीर दाराशी सतरंजीवर बसले. येणारा माणूस चप्पल काढतानाच ते सांगून मोकळे व्हायचे, “काका, वहिनींना त्याबद्दल विचारू नका, त्यांना त्रास होतो.” तरीही विचारणारे असतातच. त्यांना तेच वाक्य, त्याच शब्दांत, आवाज न चढवता परत सांगायचं. शब्द बदलला की त्यातून नवा प्रश्न निघतो. त्याच्या पाठोपाठ त्यांनाच काहीतरी विचारायचं: “तुमची दादांची ओळख कारखान्यातली का?” पुष्कळांना तपशील नकोच असतो, शांत बसवत नाही म्हणून ते विचारतात. बोलायला दुसरं काही मिळालं की ते तिकडे वळतात. “लवकर नेलं असतं तर...” म्हणणाऱ्याला मात्र तिथेच थांबवायचं: “कळल्याबरोबर नेलं, मामा.” वाद घालायचा नाही, पण ते बोलणं बायकोच्या कानावर तसंच पडू द्यायचं नाही.

चूक लक्षात आली ती दुपारी. सात वर्षांची मुलगी आदल्या रात्री झोपायला तयारच नव्हती, आणि आता आईला डुलकी लागली की तिला हलवून उठवत होती. ‘झोपेतच गेले’ हे शब्द ती घरात पहिल्या दिवसापासून ऐकत होती. मोठ्यांना सौम्य वाटणाऱ्या त्या शब्दांचा तिने सरळ अर्थ घेतला होता: झोपलं की माणूस मरतो. आणि आम्ही तेच शब्द ठरलेल्या वाक्यात घातले होते. आम्ही ते काढले. दीर आता म्हणू लागले, “मंगळवारी पहाटे अचानक गेले.” मुलीला मावशीने जवळ घेऊन सांगितलं, “बाबांचं शरीर काम करायचं थांबलं होतं. ती झोप नव्हती. झोपलेल्या माणसाला हलवलं की तो उठतो, आई उठते तशी.” तिने ते तीनदा विचारलं, मावशीने तिन्ही वेळा तसंच सांगितलं. ‘बाबा गावाला गेलेत’ असलं काही सांगू नये, मूल वाट बघत राहतं.

ठरलेलं वाक्य सगळ्यांसाठी नसतं. पोलिसांना जबाब देताना जे घडलं ते पूर्ण सांगायचं, तिथे काही गाळायचं नाही. पुण्याहून आलेल्या सख्ख्या भावाला दारात ते वाक्य ऐकवणं बरं नव्हे. त्याला दिरांनी आत नेऊन सगळं एकदा सांगितलं, म्हणजे त्याला वहिनींना विचारायची वेळ आली नाही.

मयताच्या आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून होत्या. मुलाला हाक कशी मारली, हात कसा उचलला, सगळं त्या शेजारच्या आक्कांना पुन्हा पुन्हा सांगत होत्या. दीर त्यांना थांबवायला उठले. आम्ही दिरांनाच खाली बसायला सांगितलं. आईंना कुणी विचारलं नव्हतं, त्या आपल्या मनाने सांगत होत्या. आक्का नुसत्या “हं” म्हणत ऐकत राहिल्या.